मराठी पेशंट, कन्नड सिस्टर आणि ग्लासगो कोमा स्केल: सीमाभागातल्या रात्रपाळीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड या पट्ट्यातल्या लहान दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या नव्या सिस्टर-ब्रदरांनी मला वेळोवेळी विचारलेले हे प्रश्न आहेत. डोक्याला मार लागलेला पेशंट आला की जीसीएस लिहायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आकडे पाठही असतात. अडतं ते बोलण्याच्या गुणांवर, कारण आपल्याकडे पेशंट एका भाषेत बोलतो आणि चार्ट भरणारी दुसऱ्या भाषेत वाढलेली असते. म्हणून इथं भर त्यावरच आहे, बाकीचं लागेल तेवढंच. माझं घर मराठी, शाळा कन्नड. दोन्ही बाजूंच्या चुका मी स्वतः केल्यात.

हा स्केल नेमकं काय मोजतो?

तीन गोष्टी, वेगवेगळ्या. डोळे कशानं उघडतात (E, १ ते ४), बोलणं कसं आहे (V, १ ते ५) आणि हातांची हालचाल कशी आहे (M, १ ते ६). ग्लासगो विद्यापीठातल्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये तो मांडला, तेव्हा त्यांना हवं होतं एवढंच की एका पाळीनं पाहिलेलं दुसऱ्या पाळीला त्याच शब्दांत कळावं. ‘गुंगीत आहे’, ‘अर्धवट शुद्ध आहे’, ‘जरा बरा वाटतोय’ असल्या शब्दांचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. बेरीज ३ ते १५ येते, पण तिचा भरवसा फारसा धरू नका. ती का फसवते ते खाली एका केसमध्ये दिसेल.

बोलण्याचे पाच गुण कसे ठरवायचे?

स्वतःचं नाव, आपण कुठं आहोत आणि महिना कोणता, हे तिन्ही बरोबर सांगितलं तर ५. वाक्य जुळवून बोलतोय, आपल्याशी संवाद होतोय, पण या तिन्हींतलं काहीतरी चुकतंय, तर ४. समजतील असे सुटे शब्द येतात पण त्यांचं वाक्य होत नाही (‘आई’, ‘पाणी’, ‘नको’, एखादी शिवी), तर ३. नुसतं कण्हणं, हुंकार, शब्द एकही नाही, तर २. काहीच आवाज नाही आणि आवाज निघायला अडथळाही कसला नाही, तर १.

गोंधळ होतो तो ४ आणि ३ मध्ये. तिथं एकच बघायचं: माणूस वाक्यात बोलतोय का? ‘माझी म्हैस सुटली, कुणीतरी धरा तिला’ हे कॅज्युअल्टीच्या खाटेवरून म्हटलेलं असलं तरी ते वाक्य आहे. म्हशीचा इथं काही संबंध नाही, पण कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी आहे. हे ४. त्याच माणसानं नुसतं ‘म्हैस… म्हैस…’ म्हटलं तर ३.

आता हाच फरक तुम्हाला न येणाऱ्या भाषेत करून बघा. कन्नड न कळणाऱ्याला ‘एम्मी बिट्टैती’ हे वाक्य आहे की दोन सुटे शब्द, हे कसं कळणार? तुम्हाला त्यातून ओळखीचा एखादाच शब्द सापडतो आणि हात आपोआप ३ कडे जातो.

पेशंट मराठी बोलतोय आणि मला मराठी येत नाही. मग V काय लिहू?

आधी काय लिहायचं नाही ते सांगते. ‘मला कळलं नाही’ म्हणजे ‘त्याला बोलता येत नाही’ असं धरून ३ किंवा २ लिहायचं नाही. तो आकडा तुमचा झाला, पेशंटचा नाही.

पहिलं काम, त्याच्या घरात कुठली भाषा बोलतात ते विचारा. आपल्याकडे नावावरून भाषा ठरवता येत नाही. आडनाव मराठी वाटतं आणि घरात कन्नड असतं, उलटही असतं. मुसलमान घरांत बऱ्याचदा दख्खनी उर्दू, खानापूरच्या जंगलपट्ट्यात कोकणी. मार लागलेल्या डोक्याला शाळेत शिकलेली भाषा वापरायला लावू नका. घरची भाषा विचारा आणि तीच वापरा.

दुसरं, ती भाषा येणारं माणूस शोधा. वॉर्डबॉय, आया, शेजारच्या खाटेजवळ बसलेले मामा, गेटवरचा वॉचमन, कुणीही चालतं. रात्री अडीच वाजताही आपल्या दवाखान्यात दोन्ही भाषा येणारं माणूस सापडतंच. प्रश्न तुम्ही ठरवायचे, त्यानं फक्त बोलायचं आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगायचं.

तिसरं, कुणीच सापडलं नाही तर V तपासता आला नाही असं लिहा. चार्टवर त्यासाठी NT असतं, म्हणजे तपासता आला नाही. त्यापुढे कारण लिहा: ‘भाषा, दुभाषी नाही’. E आणि M मात्र पूर्ण लिहा. पुढच्या अर्ध्या तासात माणूस शोधायची जबाबदारी तुमचीच राहते. NT लिहिलं म्हणून सुटका झाली नाही.

आणि कुठल्या भाषेत विचारलं ते चार्टवर लिहाच. दोन शब्द लागतात. ते नसले तर पुढच्या पाळीला आकडा बदलला का आणि कशामुळं बदलला, हे कळायला वाव राहत नाही.

भाषेनं एका गुणाचा फरक पडला तर एवढं काय बिघडतं?

एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत, आकड्यांचा क्रम तसाच आहे. जानेवारी महिना, गळीत हंगाम जोरात. चाळीशीचा शेतकरी, मोटरसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सव्वाआठला अपघात, नऊला आमच्याकडे. उजव्या कानाच्या वर सूज, तोंडाला दारूचा वास. सीटी मशीन आमच्याकडे नाही, ते बेळगावात, हायवेनं तासभर.

ड्युटीवरची सिस्टर रायचूरकडची, कामाला चोख, मराठी अजिबात नाही. तिनं विचारलं, ‘निम्म हेसरेनु?’ पेशंट डोळे उघडे ठेवून म्हणाला, ‘गाडी कुठं हाय माझी? बैलं सोडायची हायती.’ तिला त्यातून ‘गाडी’ कळलं. तिनं लिहिलं सुटे शब्द, V3. तिनं हाताची खूण करून दाखवल्यावर त्यानं जीभही बाहेर काढली, हातही दाबला आणि सोडला.

साडेनऊला पाळी बदलली नाही, पण मी वरच्या वॉर्डातून खाली आले तेव्हा तिनं मला हाक मारली. मी मराठीत विचारलं. नाव बरोबर सांगितलं. ‘कुठं आहात?’ ‘कारखान्यावर.’ ‘महिना कोणता?’ ‘दिवाळी झाली की आत्ता.’ वाक्यं सगळी नीट, जागा आणि महिना चूक. V4. डोळे मात्र आता मिटलेले, हाक मारली की उघडायचे.

चार्टवर या दोन नोंदी अशा दिसत होत्या:

```
21:00   E4 V3 M6 = 13
21:30   E3 V4 M6 = 13
```

तेरा आणि तेरा. डॉक्टरांना फोनवर ‘पहिल्यासारखाच आहे’ असं सांगितलं गेलं, आणि ते मीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासानं परत बघा, दारू आहे, उतरेल.

खरं काय होतं? नऊ वाजताही तो वाक्यातच बोलत होता. ‘गाडी कुठं हाय माझी’ हे V4 आहे. म्हणजे नऊचा खरा आकडा १४, साडेनऊचा १३. पेशंट उतरणीला लागला होता. डोळ्यांचा एक गुण गेला, आणि भाषेच्या चुकीमुळं बोलण्याचा एक गुण वाढल्यासारखा दिसला. दोन्ही एकमेकांत वळते झाले. बेरजेनं काहीच दाखवलं नाही.

दहा वाजता:

```
22:00   E2 V3 M5 = 10
        उजवी बाहुली 5 मिमी, मंद; डावी 3 मिमी, चपळ
        नाडी 58, बीपी 160/90 (21:00 ला 88 व 130/80)
        डावा हात उजव्यापेक्षा कमजोर
```

डोळे आता नखावर दाब दिल्यावरच उघडत होते. बोलणं ‘आई’, ‘नको’ एवढंच, आणि या वेळी ते खरोखर सुटे शब्द होते. सांगितलेलं ऐकत नव्हता, खांद्यावर चिमटा घेतला की उजवा हात वर आणून माझा हात ढकलायचा. एका बाजूची बाहुली मोठी, विरुद्ध बाजूचा हात ढिला, नाडी मंदावतेय आणि रक्तदाब चढतोय. यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. वीस मिनिटांत ॲम्ब्युलन्स निघाली. सीटीत उजव्या कानशिलाच्या हाडाला तडा आणि त्याखाली, कवटी आणि मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या मधे, रक्ताची गाठ निघाली. मध्यरात्रीनंतर ऑपरेशन झालं. अकराव्या दिवशी तो चालत घरी गेला.

तो वाचला, म्हणून आज ही केस मी शांतपणे सांगू शकते. पण साडेनऊला मी वरच्या ओळीतला V3 पाहून त्या सिस्टरला ‘तू काय ऐकलंस?’ एवढं विचारलं असतं तर ॲम्ब्युलन्स अर्धा तास आधी निघाली असती. विचारलं नाही, कारण बेरीज जुळत होती.

म्हणजे बेरीज लिहूच नये का?

लिहा, पण तीन आकड्यांच्या शेवटी, आणि बोलताना आधी तिन्ही आकडे. ‘जीसीएस तेरा’ असं कुणी सांगितलं तर विचारा, ‘कुठले तेरा?’ E4 V3 M6 आणि E3 V4 M6 हे दोन वेगळे पेशंट आहेत. तिन्हींतलं एक जरी NT असेल तर बेरीज करूच नका. NT ला १ धरून केलेली बेरीज पेशंटला कागदावर आहे त्यापेक्षा वाईट दाखवते, आणि पुढच्या पाळीला तो ‘सुधारला’ असं वाटतं.

पेशंट म्हणतो, ‘मी महाराष्ट्रात आहे.’ हा गोंधळ धरायचा का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, मला तो खरंच विचारला गेलाय. १९५६ पासून ज्या गावात हा वाद चालू आहे, त्या गावातला साठीचा माणूस कुठल्या राज्यात आहोत याला ‘महाराष्ट्र’ म्हणाला तर ते त्याचं मत आहे, मेंदूची खूण नाही. म्हणून राज्य विचारूच नका. ‘आत्ता कुठं आहात?’ एवढंच विचारा. ‘दवाखान्यात’ हे उत्तर पुरतं. गावाचं नाव सांगितलं तर आणखी चांगलं. बेळगाव म्हणाला काय किंवा बेळगावी म्हणाला काय, दोन्ही बरोबर. सरकारी नाव २०१४ मध्ये बदललं, पण लोकांच्या तोंडात अजून बेळगावच आहे. ‘बेळगाव’ ऐकून एका नव्या ब्रदरनं ‘जुनं नाव सांगतो, काळाचं भान नाही’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

महिन्याचंही तसंच. ऑगस्टात म्हाताऱ्यानं ‘श्रावण’ सांगितलं तर बरोबर. इंग्रजी महिन्याचा आग्रह धरू नका. ‘संक्रांत होऊन आठ दिवस झाले’ हेही चालतं, फक्त पडताळून बघा. बेंदूर सांगितला तर मात्र कुठला ते विचारा. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात येतो, महाराष्ट्रातला आषाढात, आणि आपल्याकडे काही गावांत दोन्ही माहीत असतात.

वार आणि तारीख बिनचूक यावी अशी अपेक्षा ठेवू नका. शेतातल्या माणसाला धडधाकट असतानाही तारीख सांगता येत नाही. आणि पंतप्रधान कोण, सातातून तीन गेले किती, हे प्रश्न या स्केलमध्ये कुठंच नाहीत.

नातेवाईकाला दुभाषी केलं तर चालेल?

चालेल, पण दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक म्हणजे नातेवाईक पेशंटच्या वतीनं उत्तर देतात. ‘नाव सांगा’ म्हटलं की बायको नाव सांगते आणि पेशंट मान हलवतो. दुसरं म्हणजे नातेवाईक उत्तर दुरुस्त करून सांगतात. पेशंट म्हणतो ‘कारखान्यावर’, मुलगा आपल्याला सांगतो ‘होय सिस्टर, सगळं बरोबर बोलत्यात’. त्याला वाटतं, वडलांची अब्रू राखली.

म्हणून आधीच सांगून ठेवा: ‘वहिनी, ते जे म्हणतील ते अगदी तसंच सांगा. चुकीचं असलं तरी तसंच.’ आणि एक प्रश्न नातेवाईकालाच विचारा: ‘एरवी ते असेच बोलतात का?’ कानानं कमी ऐकणारा, आधीच अर्धांग होऊन गेलेला, विसरभोळेपणाचा आजार असलेला माणूस अपघाताआधीही V4 असू शकतो. तसं असेल तर ते चार्टच्या वर लिहून ठेवा. त्याचं १४ म्हणजे त्याचं नेहमीचं.

तो कधी मराठी, कधी कन्नड बोलतोय. हा गोंधळ आहे का?

नाही. आपल्याकडे शुद्धीतला माणूसही एका वाक्यात दोन्ही भाषा बोलतो. अर्थ लागतोय का, तेवढंच बघा.

हातांच्या गुणांवरही भाषेचा परिणाम होतो का?

होतो, आणि तिथं तो जास्त महाग पडतो, कारण डोक्याला मार लागलेल्या पेशंटमध्ये M हाच सगळ्यात कामाचा आकडा आहे. M6 म्हणजे सांगितलेलं करतो. ‘कै एत्ती’ हे ज्याला कळतच नाही तो हात उचलणार नाही, आणि तुम्ही नखावर दाब देऊन M5 लिहून मोकळे व्हाल. आधी त्याच्या भाषेत सांगा, सोबत स्वतः करून दाखवा.

‘हात दाबा’ एवढ्यावर M6 देऊ नका. बेशुद्ध माणसाच्या तळहातात बोट ठेवलं तरी मूठ आपोआप आवळली जाऊ शकते. ‘दाबा’ आणि मग ‘सोडा’, दोन्ही करायला हवं. किंवा ‘जीभ बाहेर काढा’, मग ‘आत घ्या’. मी रात्रपाळीला एक चिठ्ठी भिंतीला चिकटवली आहे, तीत दोन्ही भाषांत एवढंच आहे: डोळे उघडा, कण्णु तेगीरी, जीभ दाखवा, नालिगे तोरिसी, हात वर करा, कै एत्ती, नाव काय, हेसरेनु. चार वाक्यं, आणखी काही लागत नाही.

दाब कुठं द्यायचा? छाती चोळायची पद्धत आमच्याकडे आहे.

सोडून द्या. छातीचं हाड चोळल्यानं कातडी काळीनिळी पडते, आणि छातीपाशी आलेला हात दाब हटवायला आला की आपोआप वाकला, हे सांगताही येत नाही. आधी बोटाच्या नखावर, बाजूच्या कडेला, पेननं दाब द्या. हळूहळू वाढवत, जास्तीत जास्त दहा सेकंद. डोळे उघडतात का हे यावर कळतं. त्यावर हात तिकडं गेला नाही तर मानेजवळचा खांद्याचा स्नायू बोटांत धरून दाबा, किंवा भुवईच्या खालच्या खाचेत अंगठ्यानं दाब द्या. चेहऱ्याचं हाड मोडल्याची शंका असेल तर भुवई नको.

आता हात गळ्याच्या हाडाच्या वर, दाबाच्या जागेकडे आला तर M5. कोपर पटकन वाकलं आणि हात मागं घेतला, तर M4. हात सावकाश, ठरल्यासारखा छातीवर आडवा आला, अंगठा मुठीत गेला, पाय ताठले, तर M3. कोपर सरळ ताठलं तर M2. दोन्ही हात वेगवेगळं करत असतील तर स्केलमध्ये चांगल्या हाताचा गुण लिहा, आणि खाली शब्दांत लिहा: ‘डावा हात कमी हलतो’. त्या शेतकऱ्याच्या केसमध्ये हेच एक वाक्य बेळगावच्या डॉक्टरांनी फोनवर दोनदा विचारलं होतं.

दारू प्यायलाय, मग जीसीएस लिहून काय उपयोग?

उपयोग जास्तच. दारूचा वास म्हणजे दारू प्यायलाय एवढंच कळतं. रक्ताची गाठ नाही, हे त्यातून कळत नाही. लिहिताना ‘दारूचा वास’ लिहा, ‘दारूमुळे गुंगी’ लिहू नका. पहिलं विधान तुम्ही नाकानं पाहिलेलं, दुसरं निदान, आणि ते चुकीचंही असू शकतं. रक्तातली साखर लगेच तपासा. उपाशीपोटी प्यायलेल्या माणसाची साखर खाली गेलेली असू शकते आणि ती हुबेहूब डोक्याच्या मारासारखी दिसते. दारू उतरत असेल तर आकडा हळूहळू वर जायला हवा. तो जागीच राहिला किंवा खाली आला, तर दारूचं नाव सोडा.

डोळे सुजून बंद आहेत, किंवा तोंडात नळी आहे. मग?

सुजलेल्या पापण्या उघडत नाहीत म्हणून E1 लिहायचं नाही. E च्या जागी NT, कारण ‘सूज’. नळी असेल तर V च्या जागी NT, कारण ‘नळी’. काही ठिकाणी नळीसाठी T लिहायची जुनी पद्धत आहे, तीही चालते, फक्त सगळ्या पाळ्यांनी एकच वापरा. झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर वेळ आणि मात्रा लिहा, नाहीतर इंजेक्शनची गुंगी आणि दुखापतीची गुंगी पुढच्या माणसाला वेगळी करता येत नाही.

किती वेळानं तपासायचं, आणि डॉक्टरांना कधी उठवायचं?

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात सांगितलेला क्रम आमच्याकडेही पाळता येण्यासारखा आहे. १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासानं. १५ झाल्यावर दोन तास दर अर्ध्या तासानं, मग चार तास दर तासानं, पुढे दर दोन तासांनी. मधे १५ वरून खाली आला तर परत पहिल्यापासून, अर्ध्या तासानं. दरवेळी बाहुल्या, नाडी, बीपी, श्वास आणि चारही हातपाय त्याच ओळीत.

एक गुणही उतरला आणि अर्धा तास तसाच राहिला तर उठवा. तो गुण M मधला असेल तर जास्त घाईनं. E किंवा V तीन गुणांनी किंवा M दोन गुणांनी उतरला तर वाट बघायची नाही. डोकेदुखी वाढतेय, सारखी उलटी होतेय, एकाएकी बेचैन झालाय, बाहुल्या असमान आहेत, यांतलं काहीही असेल तर आकडा उतरला नसला तरी उठवा. अपघाताला दोन तास होऊनही १५ नसेल तर सीटीची गरज आहे असं नाइस सांगतं. आपल्याकडे मशीन नसल्यामुळं याचा अर्थ एवढाच की दोन तास पूर्ण व्हायच्या आत बेळगावला पाठवायचा विचार सुरू झाला पाहिजे. आणि ८ किंवा खाली गेला की आधी श्वासनलिका, मग बाकी सगळं.

उतरलेला गुण V मधला असेल तर फोन लावायच्या आधी एक मिनिट घ्या. मागच्या वेळी कुणी विचारलं होतं आणि कुठल्या भाषेत, ते बघा. भाषा बदललेली असेल तर आधीच्याच भाषेत, आधीच्याच माणसाकडून परत विचारा. पण त्या शोधात पाच मिनिटांहून जास्त घालवू नका. शंका राहिली तर उतरला असंच धरा.

बेळगावला फोनवर काय सांगायचं?

मी असं सांगते: ‘चाळीस वर्षांचा पुरुष, सव्वाआठला मोटरसायकल अपघात, उजव्या कानावर सूज. नऊला E4 V4 M6, आता दहाला E2 V3 M5. नऊला चार्टवर V3 आहे, पण तेव्हा कन्नडमध्ये विचारलं होतं आणि तो मराठीत वाक्यात बोलत होता; दहाला मराठीत विचारलं. उजवी बाहुली पाच मिलिमीटर आणि मंद, डावा हात कमजोर, नाडी अठ्ठ्याऐंशीवरून अठ्ठावन्न. साखर तपासली, ठीक आहे. झोपेचं काही दिलेलं नाही.’ अर्ध्या मिनिटात होतं. पलीकडचा माणूस कन्नड बोलणारा असो की मराठी, E, V, M सगळ्यांना सारखंच कळतं.

आधीच्या पाळीनं V चुकीचा लिहिलाय हे माझ्या लक्षात आलं. खोडून दुरुस्त करू?

खोडू नका, पांढरी शाई तर अजिबात नको. त्या वेळी तुम्ही तिथं नव्हता. तुमच्या ओळीत, तुमच्या वेळेसमोर लिहा: ‘21:00 चा V3 कन्नडमध्ये विचारून. सिस्टरच्या सांगण्याप्रमाणे पेशंट वाक्यात बोलत होता. मराठीतून 21:30 ला V4. आधीचाही V4 असण्याची शक्यता, तसं असल्यास E मध्ये एक गुण घट.’ सही, वेळ. त्या रात्री मी हे लिहिलं ते ॲम्ब्युलन्स गेल्यावर, आणि समोर वेळ घातली साडेदहाची, साडेनऊची नाही.

लहान मुलांसाठी हाच चार्ट चालतो का?

नीट बोलायला लागलेल्या मुलाला चालतो. त्याहून लहान असेल तर V साठी मुलांचा वेगळा तक्ता आहे, तो वापरा. तिथं रडणं, आईकडे बघून शांत होणं, नेहमीसारखं बडबडणं यावर गुण असतात. ते ठरवताना आईला शेजारी बसवा, कारण ‘नेहमीसारखं’ काय ते तिलाच माहीत असतं. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही असेल तर मूल आईशी कुठल्या भाषेत बोलतं तेही तिलाच विचारा.